अपेक्षित उत्तर

आमच्या घरात बी.एड. आणलं ते माझ्या बायकोनं. सून बी.एस्सी. झालेली, लग्नानंतर घरात बसलेली, आणि बायको रोज तिच्या मागे, अगं तू मास्तरीण हो, तुला शोभेल. शेवटी सुनेनं परीक्षा दिली आणि कल्याणच्या एका कॉलेजात तिचं नाव लागलं. मी चौथीत शाळा सोडलेली. इथल्या मोहने गावच्या कंपनीत राबलो, कंपनी बंद पडली तसा घरी बसलो. मला या कोर्सातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती.

पहिल्या वर्षी त्यांना पाच-सहा मिनिटांचे छोटे पाठ घ्यायला लावत. समोर खरी मुलं नसत. वर्गातल्या पाच-सहा जणीच मुलं होऊन बसत, आणि एक जण मास्तरीण. एक दिवस फक्त प्रश्न कसा विचारायचा, दुसऱ्या दिवशी फक्त फळ्यावर कसं लिहायचं. त्याची तयारी आमच्या स्वयंपाकघरात चालायची. सून ओट्याला पाठ लावून उभी, आणि बायको खाली डाळ निवडत विद्यार्थी. बायको कधी चुकीचं उत्तर देत नसे. आधीच हळूच विचारून घ्यायची, काय बोलू गं? आणि सून सांगेल ते मोठ्यानं बोलायची. मला बाहेर पेपर वाचताना हसू यायचं.

गेल्या श्रावणात बायको गेली. झोपेत गेली. कुणाला काही म्हणाली नाही, मला पण नाही. त्याचा राग अजून आहे माझ्या मनात, तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

सुनेचं दुसरं वर्ष सुरू झालं आणि इंटर्नशिप आली. म्हणजे कॉलेज बाजूला ठेवून काही आठवडे खऱ्या शाळेत जायचं, खरे वर्ग घ्यायचे. तिला आमच्याच भागातली पालिकेची शाळा मिळाली, सहावीचा वर्ग, विषय विज्ञान. एका संध्याकाळी मी पाणी प्यायला आत गेलो तर ती ओट्याला पाठ लावून एकटीच भिंतीशी बोलत होती. मी खाली बसलो. बायको बसायची तिथे.

ती म्हणाली, "बाबा, सांगा. ओले कपडे दोरीवर वाळत घातले, तर त्यांतलं पाणी कुठे जातं?"

"खाली," मी म्हटलं.

"नाही हो बाबा. 'पाण्याची वाफ होते' असं म्हणायचंय."

तिनं मला कागद दाखवला. त्याला ते पाठ टाचण म्हणतात. मध्ये रेघ मारून दोन रकाने. एका बाजूला मास्तर काय बोलणार, दुसऱ्या बाजूला मुलं काय उत्तर देणार. दुसरा रकाना पण सुंदर अक्षरात भरलेला.

मी विचारलं, पोरं काय बोलणार ते तू आधीच लिहिलंस? ती म्हणाली, तसं लिहावंच लागतं, नाही तर टाचण परत येतं.

"आणि पोरं दुसरंच बोलली तर?"

"कॉलेजात तरी बरोबर बोलतात," ती म्हणाली.

पहिल्या पाठाला काय झालं ते तिनं घरी येऊन सांगितलं. वर्गात पन्नासच्या वर मुलं. दुसऱ्या तुकडीच्या बाई सरकारी सर्व्हेला गेलेल्या, म्हणून दोन तुकड्या एकत्र बसवलेल्या. तिनं प्रश्न विचारला, पाणी कुठे जातं? पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, खालच्या काकूंच्या पापडावर जातं टीचर, मग त्या वर येऊन भांडतात. सगळा वर्ग हसला. मग प्रत्येकाला आपल्या चाळीतलं भांडण आठवलं. कुणाचं पाणी गाडीवर पडतं, कुणाचं देवळाच्या पायरीवर. सून सारखी टाचणाकडे बघतेय, तिथे पापड कुठेच नाही. मागच्या बाकावरच्या मुलाला पुस्तकातलं एक वाक्य वाचायला सांगितलं, तर त्याला अक्षरं जुळवता येईनात. सहावीत असून. त्याचं काय करायचं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. गोंधळ इतका वाढला की हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. मुलं गप्प झाली, पण ती हेडमास्तरांना घाबरून.

"बाबा, मी सोडते," ती म्हणाली. "मला नाही जमणार. मी पुस्तकातली मास्तरीण आहे."

माझा मुलगा ठाण्याहून कामावरून आला. तुला काय वाटेल ते कर म्हणाला आणि जेवायला बसला. मी जे मनात होतं ते बोललो. म्हटलं, सोडायचं तर सोड. पण सासूला वाईट वाटेल म्हणून ओढत नेऊ नकोस. ती आता नाही. तिला काही वाटणार नाही.

हे जरा जास्तच कडक झालं. सून रडायला लागली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, कारण माझं पण तसंच होत होतं. थोड्या वेळानं ती बाहेर आली. म्हणाली, पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या मॅडम माझा पाठ बघायला येणार आहेत. तो बघते. तोही असाच गेला तर बस झालं, इंटर्नशिप पण नको आणि बी.एड. पण नको.

वर्गाच्या मूळ बाई चांगल्या होत्या. त्यांच्यावर दोन तुकड्या, वर सगळी ऑनलाइन माहिती भरायची. सून शाळेत आल्यापासून त्यांना तासभर ऑफिसात बसून ते काम उरकता यायचं. त्यांनी सुनेला बाजूला घेऊन समजावलं. अगं, निरीक्षणाचा पाठ आदल्या दिवशी एकदा घेऊन टाकायचा. मुलांना उत्तरं पाठ होतात, मॅडम खूश होतात, तुझे मार्क पक्के. आम्ही पण असंच केलं, सगळेच करतात. सुनेनं मला विचारलं, चालेल का बाबा? मी म्हटलं, नाटकाची तालीम करतात तशी करायची, त्यात काय वाईट आहे?

तिनं तालीम केली. मुलांना मजाच वाटली, टीचरचे मार्क वाढवायचे म्हणून.

निरीक्षणाच्या दिवशी मी पण गेलो. तक्ता, बादली, रुमाल एवढं सामान तिला एकटीला नेता येईना. शिपायानं मला दाराशी स्टूल दिलं. कॉलेजच्या मॅडम मागच्या बाकावर जाऊन बसल्या, मांडीवर पॅड. मूळ बाई ऑफिसात गेल्या.

प्रश्न चार होते, मला पण पाठ झालेले. सकाळी आई काय काम करते, उत्तर कपडे धुते. मग रुमाल दाखवून हे काय, तर ओला रुमाल. मग हा दोरीवर घातला तर काय होईल, वाळेल. आणि शेवटी पाणी कुठे गेलं, पाण्याची वाफ झाली. सुनेनं पहिला प्रश्न विचारला. वर्ग एका आवाजात ओरडला, कपडे धुते. तेवढ्यात मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि ही बिचकली. तिनं रुमाल वर धरला आणि दुसरा प्रश्न गाळून थेट तिसरा विचारला. हा दोरीवर वाळत घातला तर काय होईल?

सगळी मुलं म्हणाली, "ओला रुमाल."

ती तशीच पुढे गेली. मग त्यातलं पाणी कुठे गेलं?

"वाळेल," सगळी मुलं म्हणाली.

मॅडमचं पेन थांबलं. पुढच्या बाकावरची तीच पापडवाली मुलगी जरा वाकली आणि तिच्या मते हळू, पण मला दाराशी ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "टीचर, तुम्ही एक प्रश्न विसरलात."

माझी मान खाली गेली. मला वाटलं, संपलं. सून आता रडत बाहेर येणार.

पण ती बाहेर आली नाही. तिनं टाचण मिटून टेबलावर ठेवलं. मुलांना म्हणाली, खरंय, विसरले. काल जे पाठ केलं ते आता सोडून द्या. मग त्या मुलीला म्हणाली, "तू त्या दिवशी पापडाचं सांगितलंस ना, ते परत सांग."

मुलीला वाटलं ओरडा बसणार. "टीचर, ते चुकीचं होतं."

"चुकीचं नव्हतं. सगळं पाणी खाली पडतं का?"

मुलगी विचारात पडली. म्हणाली, नाही. टपकायचं थांबतं, तरी कपडा ओलाच असतो.

"मग उरलेलं?"

वर्ग गप्प झाला, पण हे गप्प वेगळं होतं. एक जण म्हणाला कपडा पितो. दुसरा म्हणाला ऊन खातं. तिसरी त्याला म्हणाली, अरे, पावसाळ्यात ऊन असतं का? आमचे कपडे घरात पंख्याखाली वाळतात. सुनेनं दोन रुमाल भिजवून घट्ट पिळले. एक चालू असलेल्या पंख्याखाली दोरीवर टाकला, एक घडी करून टेबलावर ठेवला. मग मुलं भांडत राहिली, हिनं ऐकलं, मध्ये मध्ये विचारलं. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला तिनं दर थोड्या वेळानं उठून हात लावून बघायला सांगितलं. तो दर वेळी उठला, आणि त्यानं सांगितलं तेच फळ्यावर लिहिलं गेलं. पंख्याखालचा सुकत आला, घडीचा तसाच. कुणीतरी म्हणालं, मग ते हवेत गेलं. तेवढ्यात घंटा झाली. वाफ हा शब्द शेवटपर्यंत कुणी बोललंच नाही.

मॅडम दाराशी आल्या. मी उठायला लागलो तर बसा म्हणाल्या. सुनेला म्हणाल्या, "हा पाठ मी लिहू कसा? आज काय शिकायचं ते हेतुकथन नाही, शेवटी सगळं गोळा करणारं संकलन नाही, गृहपाठ नाही. माझ्या कागदावर याला जागाच नाही."

सून म्हणाली, मॅडम, काल मी पाठ करून घेतलेला.

"ते कळलं. सगळ्या वर्गांत कळतं." मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "आम्ही तुम्हाला पाच मैत्रिणींचा वर्ग देतो आणि मग इथे आणून सोडतो. मी स्वतः शाळेत शिकवलं त्याला किती वर्षं झाली ते विचारू नका."

त्यांनी पाठ पास केला नाही. पुन्हा घ्यायला सांगितला. पण एक अट घातली, मुलांच्या उत्तरांचा रकाना आधी रिकामा ठेवायचा आणि वर्ग झाल्यावर भरायचा, मुलं बोलली तसाच. सुनेनं विचारलं, कॉलेजात चालेल? मॅडम म्हणाल्या, विचारतील, मी बघते.

येताना मला वाटत होतं, पास झाली नाही म्हणजे हिनं ठरवलेलं तेच होणार. मला वाईट वाटलं, आणि बायको असती तर हिला काय म्हणाली असती हे मला सुचेना. आयुष्यभर तिचं बोलणं ऐकलं आणि एक वाक्य सुचेना.

दुसऱ्या दिवशी सुनेचा पाठ नव्हता. मूळ बाईंना सकाळीच सर्व्हेला बोलावलं होतं, वर्ग मोकळा राहणार होता. सून डबा भरून चप्पल शोधत होती.

मी म्हटलं, "सोडणार होतीस ना?"

"बाबा, त्या मागच्या मुलाला अजून वाचता येत नाही," ती म्हणाली, आणि दार ओढून गेली.