दोन समीकरणं जुळली, एक नाही

कॉलेजात तिला सगळे 'ठेवून-बघा मॅडम' म्हणत. उत्तर आलं की पोरं पेन खाली टाकायची आणि ही ओरडायची, "मूळ समीकरणात किमती ठेवून बघा! एकात नाही, सगळ्यांत!" घरीही तीच तऱ्हा. नवरा चिडवायचा, "चहा द्यायच्या आधी ही साखरेचाही ताळा करते."

अशी ही बाई इतकी वर्षं तासिकेवर शिकवत होती. सुट्टी लागली की ठणठणगोपाळ! आता कायम जागा निघाली होती, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी अर्जच करता आला नसता. म्हणून आज मुलाखतीतला नमुना पाठ द्यायला ती फळ्यापुढे उभी होती. समोर बाकांवर मुलं, खिडकीशी प्राचार्य आणि त्यांच्या शेजारी बाहेरून आलेले तज्ज्ञ. चेहरा असा, की हे गृहस्थ जन्मात हसले नसावेत.

तज्ज्ञांनी दिलेलं गणित तिनं फळ्यावर लिहिलं:

x + 2y − z = 2
2x + 3y + z = 11
3x − y + 2z = 7

हाताला घाम सुटला होता, खडू निसटत होता. तरी तोंड चालू होतं. "दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा, तिसरीतून पहिलीची तिप्पट वजा. दोन्हींतला x गेला."

−y − z = 7
−7y + 5z = 1

"आता तिसरीतून दुसरीची सातपट वजा. 12z = −48." भराभर उत्तरं आली: z = −4, y = −3, x = 4. अपूर्णांक नाही, काही नाही, कशी गुळगुळीत! पहिल्या समीकरणात ठेवली: 4 − 6 + 4, दोन. जुळलं.

"ठीक आहे. पुरे," तज्ज्ञ म्हणाले.

अहो, पुरे म्हणताहेत तर शहाण्या माणसानं गप्प बसावं की नाही? पण मुलं तिच्याकडेच बघत होती, आणि तिचं तिलाही राहवेना.

"दोन राहिलीत, सर," ती म्हणाली आणि दुसऱ्या समीकरणात किमती ठेवल्या. 8 − 9 − 4. वजा पाच.

यायला हवे होते अकरा.

तिनं तिसरं समीकरण तपासलं: 12 + 3 − 8, सात. ते जुळलं.

"पहिलं जुळतंय, तिसरं जुळतंय," ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. "म्हणजे दुसरी ओळ तयार करतानाच घोळ झालाय." मग दिसलं. z पुढच्या एकातून वजा एकाची दुप्पट वजा करायची. वजा वजा अधिक, म्हणजे तीन. तिनं लिहिलं होतं वजा एक. तिनं ओळ सुधारली: −y + 3z = 7.

प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. ती घाईला आली. z = −4 खाली होताच, तोच घेऊन वर चढली. y = −19, x = 36. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. कान तापले, पण खडू थांबला नाही. पहिलं जुळलं. दुसरं, 72 − 57 − 4, अकरा, जुळलं. तिसरं: 108 + 19 − 8. एकशे एकोणीस! हवे होते सात.

'गेली नोकरी,' तिच्या मनात आलं. पण आता बिघडलं होतं तिसरं, आणि तिसरी ओळ तर चुकीच्या, जुन्या दुसऱ्या ओळीवरून केलेली! दुसरी बदलली आणि तिसरी तशीच ठेवली. तिनं ती पुसली. नव्या दुसरीची सातपट वजा केली: −16z = −48. z तीन, y दोन, x एक. तिन्ही समीकरणांत ठेवलं. दोन, अकरा, सात.

प्राचार्य भला माणूस. ते हसून म्हणाले, "छान! मुलांना दाखवायला मुद्दाम चुकलात ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. एका अक्षराचं काम! ते तिच्या ओठांवर आलंही होतं. पण मुलं बघत होती.

"नाही, सर. चुकलेच. दोनदा."

तज्ज्ञांनी तिला बाहेर बसायला सांगितलं. व्हरांड्यातल्या बाकावर ती पदराला पुसून पुसून हातावरचा खडू काढत राहिली. स्वतःचा इतका राग आला होता, की डोळेही भरेनात.

शेवटी तज्ज्ञ स्वतःच बाहेर आले. "पहिलं समीकरण जुळलं तेव्हा मी पुरे म्हणालो," ते म्हणाले. "तिथं थांबला असतात, तर मी चुकीच्या उत्तराला पूर्ण गुण देऊन घरी गेलो असतो." "प्राचार्यांचंही हेच मत पडलं. सोमवारपासून या. कायम."

तिनं नवऱ्याला फोन लावला. कसंबसं म्हणाली, "मिळाली."

पलीकडून तो म्हणाला, "नक्की ना? ठेवून बघितलंस?"

आणि ती त्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांदेखत, हसता हसता ढसाढसा रडली.