शाळेच्या फळ्याचा फोटो

पस्तीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला स्वस्थ बसलेलं पाहिलेलं नाही. माझा नवरा परशुराम नौपाड्यातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण हातातलं लाल पेन सुटलं नाही. दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचं मराठी, कुठेही चूक दिसली की यांची चुळबुळ सुरू. हॉटेलात मेनूकार्ड हातात आलं की यांची भूक मरते. माझी वाढते, कारण आता वेटरचा वर्ग भरणार आणि जेवण अर्धा तास लांबणार हे ठरलेलं असतं.

हातात मोबाइल आल्यापासून तर विचारूच नका. रस्त्यात थांबून फोटो काढायचा, घरी येऊन फोटोवर बोटाने लाल गोल करायचे, खाली प्रत्येक चुकीमागचा नियम लिहायचा आणि मला पाठवायचा. मी स्वयंपाकघरात असते, हे बाहेरच्या खोलीत असतात, तरी पाठवायचा. दुसऱ्या कोणाला पाठवत नाहीत, एवढं मात्र खरं.

गेल्या डिसेंबरात असाच एक फोटो आला. आमच्या वर्तकनगरातल्याच एका शाळेच्या फाटकाजवळचा फळा होता. त्यावर खडूने लिहिलं होतं : ‘सुचना : सर्व पालकांना कळविण्यात येते कि शनिवारी सकाळी नऊ वाजता पालकसभा आहे. सभेस उपस्थीत रहावे. विद्यार्थांच्या वह्या सोबत आणाव्यात. लहान मूलांना आणू नये.’ चार ओळींत सहा लाल गोल. मला हसू आलं. मी वर एक ओळ लिहिली, ‘शिक्षकच असे, तर मुलांचं काय?’, आणि फोटो आमच्या योगवर्गाच्या ग्रुपवर टाकून दिला. मग कुकर लावला आणि विसरले.

दोन दिवसांनी, सोमवारी संध्याकाळी दारात एक बाई उभी. चाळिशीची, खांद्याला जड पिशवी, चप्पल काढतानाच बोलायला लागली.

“परशुरामकाका इथेच राहतात ना? कोपऱ्यावरच्या पुस्तकवाल्याने पाठवलंय. मी मालन शेळके, चौथीला शिकवते. मला शुद्धलेखन शिकायचंय. पण शनिवारच्या आत.”

“पाच दिवसांत?” हे म्हणाले.

“काका, माझी नोकरी नाही जाणार, पण वर्ग जाईल. पालकांनी अर्ज दिलाय, चौथीचं मराठी या बाईंकडून काढून घ्या म्हणून. मोठ्या बाई म्हणाल्या, सभेत तूच उभी राहा, काय ते पालकांना सांग, मग ठरवू.” तिने मोबाइल पुढे केला. “हे बघा. सगळ्या ठाण्यात फिरलंय. माझ्या भावाला कल्याणला आलं, त्याने मलाच पाठवलं.”

लाल गोल यांचे होते आणि वरची ओळ माझी. यांनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पाणी आणायला आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. खरं सांगते, लाजेने माझे कान तापले होते.

“ज्याने कोणी केलंय त्याने नियम छान लिहिलेत,” ती बाहेर म्हणत होती. “पण वाचून पटत नाही. मला विचारायचं असतं.”

“विचारा,” हे म्हणाले.

त्या दिवसापासून ती रोज शाळा सुटल्यावर यायची. हे खुर्चीत टेकायचे, उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे. ती मात्र पेन उघडून बसलेली असायची आणि एकही गोष्ट तशीच सोडायची नाही.

“‘कि’ का चालत नाही?”

“शब्दाच्या शेवटी येणारा इकार, उकार मराठीत दीर्घ. की, पाटी, पेरू. ‘आणि’ अन् ‘नि’ हे अपवाद. शिवाय ‘तथापि’सारखी संस्कृत अव्ययं.”

“आणि खीर, फूल दीर्घ लिहायचं, तर उपस्थित ऱ्हस्व का? मी त्याच हिशेबाने दीर्घ केलेलं.”

हे थांबले. “हिशेब बरोबर होता. अकारान्त शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ येतो, पण मराठी शब्दात. उपस्थित संस्कृतातून जसाच्या तसा आलाय, तो आला तसाच लिहायचा. सूचनाही त्यातलीच, म्हणून तिचा सू दीर्घ.”

“म्हणजे मी अगदीच अडाण्यासारखं नव्हतं लिहिलेलं.”

“नाही,” हे म्हणाले आणि पुन्हा खिडकीशी गेले.

क्रियापद ‘राहणे’ आहे, ‘रहाणे’ नाही, म्हणून ‘राहावे’, हे तिला एका फटक्यात कळलं. यांनी छापखान्यात पोरं तयार केली, पण अशी विद्यार्थिनी मिळाली नव्हती. ती गेली की हे जेवायचे नाहीत. मीही यांना आग्रह करत नव्हते. “सांगायला हवं,” हे म्हणायचे. “शनिवारनंतर सांगू,” मी म्हणायचे. “आत्ता सांगितलं तर तिचा धीर सुटेल.” धीर माझा सुटला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी ती वही मिटता मिटता म्हणाली, “काकू, तुमचे उपकार झाले.” ते मला सोसवेना. मी सांगून टाकलं. गोल यांनी केले, माझ्याशिवाय कोणाला पाठवले नव्हते, ओळ माझी, ग्रुपवर मी टाकलं.

तिने पेनाला टोपण लावलं. मग यांना म्हणाली, “फळ्याखालीच खडू होता, काका. मी आतच होते. हाक मारली असती तर मी तिथल्या तिथे पुसून लिहिलं असतं.”

ती वही घेऊन गेली. चहा तसाच राहिला.

शनिवारी आम्ही दोघं सभेला गेलो. बोलावलं नव्हतं, नातवंडही त्या शाळेत नाही. मागच्या बाकावर बसलो. मालनबाईंनी फळ्यावर तीच सूचना, त्याच सहा चुकांसकट लिहून काढली आणि म्हणाल्या, “हे मी लिहिलेलं. आता दुरुस्त करते.” एकेक शब्द घेतला. “एकटं मूल दीर्घ. प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतं. मुलाला, मुलांना. फूल, फुलाला.” पुढच्या रांगेतली एक आई वहीत उतरवून घेत होती.

पाच शब्द झाले, तेवढ्यात एक गृहस्थ उठून म्हणाले, “हे सगळं बाई आता पाठ करून आल्यात. फोटोवर ज्याने चुका काढल्या, त्या माणसालाच वर्ग द्या ना!” दोन-चार जण हसले.

मालनबाईंनी आमच्याकडे बघितलं. नाव घेतलं नाही.

हे उभे राहिले. “ते मी केलं,” म्हणाले. “यांच्याइतकं समजावून सांगायला मला कधी जमलेलं नाही. वर्ग यांचाच राहू द्या.”

मग मीही उठले. “आणि ती वरची ओळ माझी. मीच पाठवलं सगळीकडे. माझं चुकलं, बाई.”

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मोठ्या बाई काहीतरी बोलायला गेल्या, पण मालनबाईंनी हातातला खडू तसाच वर धरला.

“बसा दोघंही,” त्या म्हणाल्या. चौथीतल्या मुलांना सांगतात तशाच आवाजात, ना रागाने, ना मायेने. “विद्यार्थ्यांचं राहिलंय अजून. विद्यार्थी, धोबी, अशा शब्दांना प्रत्यय लागताना शेवटी ‘या’ येतो. धोब्याला, विद्यार्थ्याला. तो ‘य’ माझ्याकडून सुटलेला.”

आणि त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवून शब्द लिहायला घेतला. आम्ही बसलो.