‘गेला’ आणि ‘गेला म्हणे’

हिंगण्याच्या कारखान्यातल्या तुर्की इंजिनिअरचे अहवाल मी मराठीत करते. मशीन जळाल्यावर त्यानं लिहिलेलं ‘गितमिश’ मी घाईत उरकलं: ‘ऑपरेटर मशीन सोडून गेला.’ स्वतः पाहिलं असतं, तर त्यानं ‘गित्ती’ लिहिलं असतं. ‘मिश’ म्हणजे ऐकीव, नाहीतर अंदाज.

तोच कागद घेऊन मॅनेजर चौकशीला बसला. दारात ऑपरेटरनं मला विचारलं, “मॅडम, त्या साहेबानं मले जाताना पाहिलं काय? ते तं दुसऱ्या दिवशी आले.”

आत जाऊन मी कागद ओढला आणि ‘गेला’पुढे ‘म्हणे’ लिहिलं.

“कोण म्हणे?” मॅनेजर खेकसला.

मी इंजिनिअरला फोन लावून तेच विचारलं. त्यानं मॅनेजरचंच नाव सांगितलं.

त्याचं भाषांतर मी सगळ्यांसमोर, मोठ्यानं केलं.