नऊचे सहा
"उत्तर नाही," असं कॉम्प्युटरवर आलं, म्हणजे चार्ट बसतच नव्हता. बस डेपोत ड्रायव्हरांच्या ड्युटीचा चार्ट मीच काढते. दोघं सुट्टीवर, गाड्या तेवढ्याच, अन् दोन ड्युट्यांमधी नऊ तास आराम पाहिजेच. अर्धा ड्रायव्हर इकडे, अर्धा तिकडे, असं तर बसवता येत नाही.

"दीदी, नौ का छह कर दो ना," साहेब म्हणाले.

मी केले. चार्ट लगेच निघाला. रात्री दहाले सुटून पहाटे चारले परत गाडीवर, ते नाव माझ्याच नवऱ्याचं होतं.

तो सुखरूप आला, पण घास हातात घेऊनच झोपला. लेकरू त्याले हलवून राहिलं होतं. ते सहा मले अजून दिसतात. एक बस बंद ठेवा म्हटलं असतं, तर नोकरी गेली असती. तुम्ही काय केलं असतं?