समस्थानिकांच्या तक्त्यात मी अडकलो

साजगावजवळच्या आमच्या शाळेत मी नववीला विज्ञान शिकवतो. कंपन्यांचा भाग असल्यामुळे पोरांच्या घरी 'स्थानिक' हा शब्द रोज येतो: नोकऱ्या स्थानिकांना की बाहेरच्यांना? हे ठाऊक असूनही मी फळ्यावर 'समस्थानिके' लिहिलं. अक्कल तिथे कमी पडली.

तयारी मात्र जोरात होती. घरून पुठ्ठ्याच्या तीन गोल चकत्या कापून नेल्या होत्या, लहान, मोठी, त्याहून मोठी, एकावर एक. वरच्या चकतीवर केंद्रक: प्रोटॉन म्हणून सहा हरभरे, न्यूट्रॉन म्हणून सहा पांढरे वाटाणे. मधल्या चकतीच्या कडेला पहिलं कवच, मोहरीचे दोन दाणे. खालच्या चकतीच्या कडेला दुसरं, चार दाणे. झाला कार्बन.

"सर, हे हंडीचे थर हायेत," पहिल्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला. हा वर्गातला पुढारी.

"थर समजण्यापुरते. खरं केंद्रक हरभऱ्याएवढं धरलं तर इलेक्ट्रॉन पार हायवेवर जातील."

मग तक्ता. कार्बन-१२: प्रोटॉन सहा, न्यूट्रॉन सहा, इलेक्ट्रॉन सहा. कार्बन-१४: प्रोटॉन सहा, न्यूट्रॉन आठ, इलेक्ट्रॉन सहा. मी आणखी दोन वाटाणे वर ठेवले.

"समस्थानिक म्हंजे कंपनीत लागतात ते?" पुढाऱ्याने विचारलं.

वर्ग हसला, मीही हसलो, आणि हसण्याच्या भरात बोलून गेलो, "तसंच समज. प्रोटॉन स्थानिक. त्यांच्या संख्येवरूनच मूलद्रव्य ठरतं. न्यूट्रॉन बाहेरून आलेले. प्रभार नाही, काही नाही, नुसतं वजन वाढवतात."

एकाच वेळी सगळ्या माना मागे वळल्या. शेवटच्या बाकावर परभणीकडची मुलगी बसली होती. वडील कंत्राटावर कामाला, दोन वर्षांपूर्वी इथे आलेले.

"ए न्यूट्रॉन!" पुढारी म्हणाला.

त्या दिवसापासून तिचं तेच नाव पडलं. पाण्याच्या टाकीपाशी न्यूट्रॉन, कबड्डीत न्यूट्रॉन. सगळ्यांच्या आधी हात वर करणारी मुलगी, तिने हात वर करणंच सोडलं. ओरडावं तर नाव आणखी पक्कं होणार. गप्प बसावं तर ते माझंच वाक्य. चार दिवस मी स्टाफरूममध्ये पेपर तपासायचं सोंग केलं.

दहिवलीला घरी बायकोला सांगितलं. ती वाटाणे भिजवत होती, माझ्या अणूतून उरलेले.

"पण ते खरं आहे का रे?" तिने विचारलं. "नुसतं वजन?"

"खरं नाही गं. अर्धवट आहे."

"मग वर्गात अर्धवट कोण होतं?"

सोमवारी मी पुठ्ठे पुन्हा मांडले. म्हटलं, "गेल्या वेळी मी चुकीचं सांगितलं. सगळे प्रोटॉन धनप्रभारित, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. नुसते सहा प्रोटॉन एकत्र टिकणारच नाहीत. न्यूट्रॉन कुणाला ढकलत नाही, उलट अगदी जवळ आला की शेजाऱ्याला धरून ठेवतो. म्हणून केंद्रक टिकतं."

मला वाटलं, सुटलो. पण पुढारी फळ्याकडे पाहत होता. सगळी समस्थानिके असावीत म्हणून मी हौसेने हायड्रोजनही लिहिला होता: तीन ओळी, प्रत्येकीत प्रोटॉन एक, इलेक्ट्रॉन एक, आणि न्यूट्रॉन शून्य, एक, दोन.

"सर, पयल्या ओळीत न्यूट्रॉन शून्य हाय. तरी टिकतोय की! म्हंजे न्यूट्रॉनचं काय अडत नाय."

वर्गात "ओऽऽ" झालं. उत्तर मला येत होतं. पण मी दिलं असतं तर ती सरांची वकिली झाली असती. मी उगाच एक हरभरा उचलून परत ठेवला. शेवटच्या बाकाकडे पाहायची हिंमत नव्हती.

"त्याच्यात प्रोटॉन एकच हाय," मागून आवाज आला. हात वर न करताच. "एकट्याचं भांडण कुणासंगं व्हणार?"

मग पहिल्यांदा हसला तो पुढाऱ्याच्या शेजारचा, मग सगळे. पुढाऱ्याने तक्त्यातला प्रोटॉनचा रकाना बोटाने वरून खाली वाचला आणि म्हणाला, "बरोबर हाय गं."

मी तिला फळ्यापाशी बोलावलं, ऑक्सिजन-१८ लिहायला. आठ प्रोटॉन, आठ इलेक्ट्रॉन तिने झरझर लिहिले. अठरातून आठ वजा करून न्यूट्रॉनच्या रकान्यात दहा लिहिलं, तेही बाकीच्या आकड्यांपेक्षा जरा मोठं.

नाव काही गेलं नाही. परवाच व्हरांड्यात ऐकलं, "ए न्यूट्रॉन, गणिताची वही दे ना गं."

"आधी भांडणं मिटवा तुमची," ती म्हणाली, आणि वही दिली.

मी तिथून जात होतो. तिने मला नमस्कार केला. मी अजून तिला 'माफ कर' म्हणालेलो नाही.