पट्टीचा तगादा

सातवीत मी तिची वर्गशिक्षिका होते. वहीचा समास पट्टीने आखल्याशिवाय एक अक्षर लिहायची नाही, म्हणून पोरांनी तिचं नाव ‘पट्टी’ ठेवलं आणि ते चिकटलं. आज ती डिझायनर आहे, कंपन्यांच्या मालाची खोकी सजवते. नोकरी नाही, मिळेल ते काम घरूनच करते. माझ्या शेजारच्याच घरात आईबरोबर राहते. पुढच्या खोलीत हप्त्यावर घेतलेला मोठा कॉम्प्युटर आणि फळीवर तिने सजवलेली खोकी.

कुकर बनवणाऱ्या एका कंपनीकडे तिचं बिल अडकलं होतं. मुदत उलटून चार महिने झाले होते. इकडे कॉम्प्युटरचे हप्ते थकले. याही महिन्यात भरले नाहीत तर मशीन उचलून नेऊ, असं वसुलीवाला दारात उभा राहून सांगून गेला. मशीन गेलं की हातपाय गेले. आणि जोरात मागावं, तर निम्मं काम त्याच कंपनीचं.

एका दुपारी मी गेले तर ती ईमेल लिहीत बसली होती. “बाई, जरा वाचता?”

‘आपल्याला त्रास देत आहे, क्षमस्व. सवड झाल्यास, शक्य असल्यास...’

आई मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. “पैसे तू बुडवलेस का गं त्यांचे? माफी कसली मागतेस?”

“आई, गोड बोलावं लागतं.”

“गोड बोल, पण बोल तरी!”

मी फक्त ‘क्षमस्व’ काढायला सांगितलं. बाकीचं तिनेच पुन्हा लिहिलं:

‘नमस्कार. कुकरच्या खोक्यांचं बिल चार महिन्यांपासून थकलं आहे. बिलाची प्रत आणि काम पसंत असल्याचा आपला ईमेल सोबत जोडला आहे. रक्कम येत्या शुक्रवारपर्यंत जमा करावी. बिलात काही अडचण असल्यास उद्याच कळवावी. तव्यांची नवी खोकी तयार आहेत. जुनं बिल मिटताच छपाईच्या फायली पाठवते. आपल्याबरोबर पुढेही काम करायला आवडेल.’

“कुणाला पाठवतेस?” मी विचारलं.

“मार्केटिंगच्या साहेबांना. दर वेळी ‘बघतो हं’ म्हणतात.”

“आणि पैसे कोण देतं?”

“अकाउंट्स. पण त्यांना लिहिलं तर साहेबांना चहाडी केल्यासारखं वाटेल.”

“वाटू दे की,” आई म्हणाली. “वसुलीवाल्याला काय वाटतं ते बघितलंस ना?”

पट्टीने अकाउंट्सचा पत्ता जोडला, डोळे मिटले आणि ईमेल धाडला. मग लगेच उघडून पुन्हा वाचला. “‘करावी’ फार कडक झालं का हो, बाई?”

दुसऱ्या दिवशी साहेबांचाच फोन आला. “मॅडम, अकाउंट्सला मध्ये घ्यायची काय गरज होती?” एवढं बोलून ठेवूनही दिला. पट्टीचा चेहरा पडला. “गेलं काम,” म्हणाली. जेवलीही नाही.

तासाभराने अकाउंट्सच्या बाईंचा फोन. “अहो, तुमच्या बिलावर बँकेचा खाते क्रमांकच नाही. आम्ही साहेबांना दोनदा सांगितलं.”

“आहे ना! तळाशी बघा.”

“तळाशी कोरं आहे.”

पट्टीने बिल उघडलं. या वेळी बिलसुद्धा देखणं हवं, म्हणून तिने खालचा मजकूर फिकट राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत घेतला होता. पडद्यावर सुरेख दिसत होता. पण तिकडे बिल छापून, सही घेऊन फायलीला लावत, आणि त्यांच्या जुन्या प्रिंटरला ती अक्षरं झेपतच नव्हती. इतकी वर्षं ती लोकांची खोकी दुकानात लांबून वाचता येतील अशी करत आली, आणि स्वतःचं बिल मात्र...

“काळ्या अक्षरांत पाठवा,” अकाउंट्सच्या बाई म्हणाल्या. “पण त्यावर साहेबांची नवी सही लागेल. शुक्रवारी पैसे निघतात, त्याआधी.”

म्हणजे गाठ पुन्हा साहेबांशीच. तिने बिल बदललं, पाठवलं आणि फोन लावला.

“साहेब, बिल नीट उमटत नव्हतं, ती चूक माझी. आता दुरुस्त केलंय. आज सही कराल का?”

“आधी तव्याच्या फायली पाठवा. छापखाना खोळंबलाय.”

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. पट्टी म्हणाली, “पैसे जमा झाले की लगेच पाठवते, साहेब. फायली तयारच आहेत.”

“बघतो हं,” साहेब म्हणाले.

तिने फोन ठेवला.

शुक्रवारी दिवसभर तिने फोन हातातून सोडला नाही. संध्याकाळी दिवे लागता लागता तो थरथरला. पूर्ण रक्कम जमा. दुसऱ्या क्षणाला तिने फायली रवाना केल्या. साहेबांचं उत्तर आलं: ‘मिळाल्या.’

पट्टी फोन घेऊन माझ्या दारात. “बाई, हे रागाने लिहिलंय का हो?”

मी चष्मा लावून पाहिलं. एका शब्दावरून काय सांगणार!

“मिळाल्या म्हणजे मिळाल्या,” शेजारच्या दारातून तिच्या आईचा आवाज आला. “हप्ते भरलेस का आधी?”

तिने तिथेच, माझ्या उंबऱ्यावर उभ्याउभ्या हप्ते भरले.