आभार मानणार नाही

हैबतनाना आभार मानायला उठले तेव्हा पाहुणे मंचावर होते, आणि नाना बसले तेव्हा ते पुण्यात जेवून झोपले होते, अशी पिरंगुटात वदंता होती. साफ खोटं. पाहुणे जेमतेम वाटेतल्या भूगावापर्यंत पोचले होते.

नाना म्हणजे दूध सोसायटीचे माजी सचिव. भाषणाला कुणी बोलवीना, म्हणून ते आभारावर दबा धरून बसत. तीनदा खाकरायचे, उपरणं सावरायचे, मग गुऱ्हाळ सुरू. अकरावीतला वाल्मीक त्या खाकरण्याची अशी हुबेहूब नक्कल करायचा, की सोसायटीतल्या म्हशीही माना वळवत.

मागच्या वर्षी हायस्कुलातल्या भातशेतीच्या परिसंवादात नानांनी कहर केला. मांडव, चहा, लाउडस्पीकर खतवाल्या आबाशेटचा. नाना गहिवरून म्हणाले, "आबाशेटचे मी आभार मानणार नाही. त्यांच्या ऋणातच राहीन!"

आबाशेट तिथंच तडकले. "समद्यांचं मानलं, माझंच न्हाई? म्या काय घोडं मारलं व्हय?"

यंदा त्यांनी हेडमास्तरांना बजावलं, "दोन मिंटांत उरका. माझं नाव घिऊन, सरळ आभार. न्हाईतर पुढल्या साली च्याबी न्हाई." हेडमास्तरांनी नानांना सांगितलं, जमलं नाही तर पुढच्या वेळी माईक दुसऱ्याकडे.

हॉटेलात वाल्मीकला ऊत आला. "नाना अन् दोन मिंटांत? दोन मिंटं तर नुसतं खाकरण्यात जात्यात!"

मागच्या बाकावरनं नाना म्हणाले, "लाव पैज."

"हारलो तर मिशी काढीन!" मिशी नुकतीच फुटलेली, तिच्यावर त्याचा भारी जीव. वर मास्तरकीही केली. "असं म्हना, नाना." आणि नानांच्याच आवाजात, बिनखाकरता, आधी पाहुणे, मग आयोजक, मग आबाशेट, शेवटी श्रोते, असे सगळे आभार त्यानं धडाधड उरकून दाखवले. हॉटेल हसून लोळलं. नाना डोळे मिटून चहा पीत होते. म्हातारा पेंगला, असं वाल्मीकला वाटलं.

परिसंवादाच्या शेवटी नाना उठले. वाल्मीकनं हेडमास्तरांचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. नाना खाकरलेच नाहीत.

"रोपांवरच्या रोगाची ओळख करून देणाऱ्या कृषी अधिकारी साहेबांचे आभार. हेडमास्तर आणि शिक्षकांनी सभा उभी केली, त्यांचे आभार. मांडव, चहा, आवाज, सगळं देणारे आबाशेट, आपले मनापासून आभार. आणि भाताची कामं टाकून आलेल्या मंडळींचे आभार."

आबाशेटनं फेटा सारखा केला. वाल्मीकचा हात मिशीवर गेला. शब्द न् शब्द त्याचाच होता, फक्त आवाज नानांचा. पहिलं मिनिटही अजून सरलं नव्हतं. ढापलं म्हाताऱ्यानं! स्वतःच्या डोक्यातनं एक ओळ निघेल तर शपथ.

नाना बसता बसता पुन्हा माईकशी वाकले.

"आणि आमचा वाल्मीक. त्याचे मी आभार मानणार नाही. त्याच्या ऋणातच राहीन!"

दुसऱ्या दिवशी भिकू न्हाव्यानं वस्तरा परजत विचारलं, "समदी काढू?"

"काढ," वाल्मीक म्हणाला, आणि नानांसारखा तीनदा खाकरला.